आला तो हसत, की आला आणि हसला?

अरबी व्याकरण शिकणाऱ्याची ज़ैद नावाच्या माणसाशी लवकरच ओळख होते. शतकानुशतके व्याकरणकारांनी उदाहरणांत हेच नाव वापरले आहे. त्याच्याविषयीचे एक साधे वाक्य असे: ‘जाअ ज़ैदुन राकिबन’. ‘जाअ’ म्हणजे आला, ‘राकिब’ म्हणजे स्वार. ज़ैद स्वार होऊन आला. यातल्या तिसऱ्या शब्दाच्या शेवटी ‘अन’ हा प्रत्यय आहे. ‘राकिब’ इथे ज़ैदचे कायमचे विशेषण नाही, तर येण्याच्या क्षणी तो कोणत्या अवस्थेत होता ते सांगणारा शब्द आहे, हे त्या ‘अन’वरून कळते. अरबी व्याकरणात या शब्दाला ‘हाल’ म्हणतात आणि ज्याची ती अवस्था, तो ‘साहिब-उल-हाल’, म्हणजे हालाचा धनी. हाल ओळखायची शाळकरी युक्ती म्हणजे क्रियापदाला ‘कैफ’, म्हणजे ‘कसा’, असे विचारायचे. कसा आला? स्वार होऊन.

इंग्रजीत हे वाक्य ‘ज़ैद केम रायडिंग’ असे सहज उतरते. अरबी हाल दिसला की इंग्रजी ‘इंग’ लावायचे, असा समज इथूनच तयार होतो. तो बऱ्याचदा खरा ठरतो, पण कुठे ठरत नाही ते आधीच ठाऊक असायला हवे. अवस्था एका शब्दात न मावता तिचे पूर्ण वाक्य होते, तेव्हा खरी परीक्षा सुरू होते.

‘जाअ ज़ैदुन व-हुव यज़हकु’ हे वाक्य घ्या. शब्दामागून शब्द ठेवला तर ‘आला ज़ैद आणि तो हसतो’ असे होते. अर्थ मात्र ‘ज़ैद हसत आला’ असा आहे. अरबीत ‘व’ हे अक्षर एरवी ‘आणि’चे काम करते, पण इथे ते ‘त्या वेळी’ या अर्थाने आले आहे. याला ‘वाव-उल-हाल’ म्हणतात. दोन्ही ‘व’ दिसायला सारखेच असल्याने व्याकरणकारांनी एक कसोटी दिली आहे: ‘व’च्या जागी ‘इज़’, म्हणजे ‘जेव्हा’, घालून पाहावे. अर्थ टिकला तर तो हालाचा ‘व’. नवख्या अनुवादकाच्या इंग्रजीत ‘अँड ही वॉज’, ‘अँड शी वॉज’ अशी माळ लागते, ती ही कसोटी न लावल्यामुळे. वाचकाला वाटते की एकामागून एक दोन गोष्टी घडल्या. मुळात गोष्ट एकच घडली होती आणि दुसरी तिची पार्श्वभूमी होती.

याच वाक्यात काळाचाही प्रश्न आहे. ‘यज़हकु’ हे रूप ‘हसतो’ असे आहे, ‘हसत होता’ असे नाही. हालातल्या या रूपाला स्वतःचा काळ नसतो, तो मुख्य क्रियापदाकडून येतो. ज़ैद काल आला असेल तर काल हसत होता, उद्या येणार असेल तर उद्या हसत असेल, आणि ‘यज़हकु’ दोन्हीकडे तेच राहील. इंग्रजीतल्या ‘लाफिंग’ची रीत नेमकी हीच आहे. ‘केम लाफिंग’ आणि ‘विल कम लाफिंग’ यांत ‘लाफिंग’ बदलत नाही. हालासाठी इंग्रजी पार्टिसिपल चपखल बसते त्याचे मूळ कारण हे आहे: दोघांनाही स्वतःचा काळ नाही आणि दोघेही मुख्य क्रियेच्या आधाराने उभे राहतात. मराठीतले ‘हसत’ही असेच वागते.

आता पहिली अडचण. ‘रअयतु अर-रजुल यबकी’ म्हणजे ‘मी त्या माणसाला रडताना पाहिले’. यातले ‘अर’ काढून ‘रअयतु रजुलन यबकी’ म्हटले की अर्थ ‘रडणारा एक माणूस मी पाहिला’ असा होतो. माणूस ठाऊक असलेला असेल तर मागून येणारे वाक्य त्याचा हाल सांगते, आणि माणूस अनोळखी असेल तर तेच वाक्य त्याचे विशेषण होते. व्याकरणाच्या पाठात हा नियम लवकर शिकवतात. इंग्रजीत ‘अ मॅन क्राइंग’ आणि ‘द मॅन क्राइंग’ या दोन्ही रचना चालतात, त्यामुळे हा फरक ‘इंग’मध्ये बुडून जातो. म्हणून अनोळखी माणसासाठी ‘अ मॅन हू वॉज क्राइंग’ असे लिहावे आणि पार्टिसिपल हालासाठी राखून ठेवावे. दोन्हीकडे ‘क्राइंग’ लिहिणारा व्याकरणात चुकत नाही, पण मुळातला फरक वाचकापर्यंत पोहोचत नाही.

दुसरी अडचण पूर्ण झालेल्या क्रियेची. ‘जाअ ज़ैदुन व-क़द अकल’ यात ‘व’नंतर ‘क़द’ आणि भूतकाळी क्रियापद आले आहे. खाणे आधीच आटोपले आहे, ज़ैद जेवून आला. इंग्रजीत इथे ‘ईटिंग’ लिहिले तर तो घास चावत दारात उभा राहील. हवे आहे ‘हॅविंग ईटन’. ‘क़द’ दिसले की ‘हॅविंग’ आठवावे, हा नियम साधारणपणे उपयोगी पडतो. त्या क्रियेचा परिणाम अजून अंगावर दिसत असेल तर आणखी एक वाट आहे. ‘जाअ व-क़द इब्तल्लत सियाबुहु’ म्हणजे ‘कपडे भिजलेल्या अवस्थेत तो आला’. इथे ‘हॅविंग’पेक्षा ‘हिज क्लोद्स सोक्ड’ हे पास्ट पार्टिसिपल अधिक नेमके आहे, कारण भिजणे संपले तरी ओल तशीच आहे.

मराठी माणूस या ठिकाणी आपल्याच भाषेमुळे अडखळू शकतो. अरबीत ‘यक़रउ जालिसन’ म्हणतात, आपण ‘बसून वाचतो’ म्हणतो. आपले ‘ऊन’ एरवी पूर्ण झालेल्या क्रियेचे असते, म्हणून हात ‘हॅविंग सॅट’कडे जातो. पण बसण्याची क्रिया संपली असली तरी बसलेपण चालू आहे, म्हणून इंग्रजीत ‘सिटिंग’ किंवा ‘सीटेड’ हवे. तसेच ‘रअयतुहु नाइमन’ म्हणजे ‘मी त्याला झोपलेला पाहिला’. आपल्या ‘लेला’ला फसून ‘स्लेप्ट’ लिहिले तर इंग्रजी मोडते. अरबी ‘नाइम’ हे करणाऱ्याचे, म्हणजे कर्तरी रूप आहे. इंग्रजीत त्याला ‘स्लीपिंग’ चालते, पण ‘असलीप’ हे साधे विशेषण सर्वांत सहज वाटते. अरबी रूप कर्तरी आहे म्हणून इंग्रजीत ‘इंग’च हवे असे नाही. क्रिया चालू आहे की स्थिती टिकून आहे, ते पाहावे लागते.

तिसरी अडचण सर्वांत मोठी आहे, ती धन्याची. ‘लक़ीतु हिंदन मुसइदन मुनहदिरतन’ हे वाक्य पाहा. हिंद हे स्त्रीचे नाव, ‘लक़ीतु’ म्हणजे मी भेटलो. पुढे दोन हाल आहेत: ‘मुसइद’ म्हणजे चढणारा आणि ‘मुनहदिरत’ म्हणजे उतरणारी. पहिला पुल्लिंगी म्हणून तो माझा, दुसरा स्त्रीलिंगी म्हणून तो हिंदचा. वाचणाऱ्याला शंकेला जागाच उरत नाही. इंग्रजी पार्टिसिपलला लिंगही नाही आणि वचनही नाही. ‘आय मेट हिंद गोइंग अप कमिंग डाउन’ म्हटले तर कोण चढत होते आणि कोण उतरत होते, काहीच कळत नाही. इथे एक हाल ‘इंग’बाहेर काढावाच लागतो: ‘ऑन माय वे अप आय मेट हिंद कमिंग डाउन’. मराठीत आपण ‘मी चढत असताना हिंद मला उतरताना भेटली’ असे म्हणून हा पेच सोडवतो.

हिंदच्या जागी ज़ैद आला, तर अरबीलाही लिंगाचा आधार उरत नाही. ‘लक़ीतु ज़ैदन मुसइदन मुनहदिरन’ या वाक्याविषयी चौदाव्या शतकातल्या इब्न अक़ीलने ‘अल्फ़िय्या’ या व्याकरणग्रंथावरच्या आपल्या टीकेत नियम दिला आहे. अर्थावरून उलगडा होत नसेल तर पहिला हाल जवळच्या नावाचा, म्हणजे ज़ैदचा मानावा आणि दुसरा बोलणाऱ्याचा. म्हणजे ज़ैद चढत होता आणि मी उतरत होतो. हा नियम ठाऊक नसलेला अनुवादक दोघांच्या दिशा उलट्या करून ठेवतो, आणि त्याचे इंग्रजी वाचायला सफाईदार असल्याने चूक कुणाच्याच ध्यानात येत नाही.

हे सगळे एका वाक्यात लावून पाहू. ‘दख़ल अल-हारिसु अल-ग़ुरफ़त व-हुव यहमिलु मिस्बाहन, व-क़द नाम अल-वलदु, फ़-जलस सामितन यनतज़िरु अत-तबीब.’ पहारेकरी खोलीत आला, हातात दिवा होता, मुलगा झोपून गेला होता, मग तो गप्प बसून वैद्याची वाट पाहू लागला. यात चार हाल आहेत. पहिला ‘व-हुव यहमिलु’: धनी पहारेकरी, क्रिया सोबतची, म्हणून ‘कॅरिंग अ लॅम्प’. दुसरा ‘व-क़द नाम अल-वलदु’: क्रिया पूर्ण झालेली, पण धनी बदलला आहे, झोपला तो मुलगा. इथे सवयीने ‘हॅविंग फॉलन असलीप, द गार्ड सॅट’ असे लिहिले तर झोपेत पहारेकरी बसेल. ‘द बॉय हॅविंग फॉलन असलीप’ हे शुद्ध आहे, पण कागदपत्री वाटते. शिवाय त्यातून ‘मुलगा झोपला म्हणून’ असे कारण सूचित होते आणि ते मुळात नाही. म्हणून पार्टिसिपल सोडून सरळ वाक्य घ्यावे: ‘द बॉय हॅड ऑलरेडी फॉलन असलीप’. तिसरा ‘सामितन’: त्याला ‘बीइंग सायलेंट’ नको, ‘इन सायलेन्स’ पुरे. चौथा ‘यनतज़िरु’: धनी पुन्हा पहारेकरी, क्रिया चालू, म्हणून ‘वेटिंग फॉर द डॉक्टर’. चार हालांपैकी दोघांनाच ‘इंग’ मिळाले.

हाल नकारार्थी असेल तर निवड आणखी सोपी होते. ‘ख़रज व-लम यक़ुल शयअन’ म्हणजे ‘काही न बोलता तो निघून गेला’. इंग्रजीत ‘नॉट सेइंग’पेक्षा ‘विदाउट सेइंग एनीथिंग’ स्वाभाविक वाटते, आणि आपले ‘न बोलता’ही त्याच्याच जवळचे आहे.

म्हणून अरबी हाल समोर आला की इंग्रजी रूपाकडे वळण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात: धनी कोण, आणि क्रिया चालू आहे की संपली आहे? धनी मुख्य वाक्याच्या कर्त्याहून वेगळा असेल तर सरळ वाक्य लिहावे. धनी तोच असेल आणि क्रिया सोबतची असेल तर ‘इंग’ निर्धास्तपणे वापरावे. क्रिया संपलेली असेल तर ‘हॅविंग’ किंवा पास्ट पार्टिसिपल घ्यावे. आणि नुसती स्थिती सांगायची असेल, तर एक साधे विशेषण पार्टिसिपलपेक्षा चांगले काम करते.