आजीची दोन झोपांची रात्र

केमला सुट्टीत गेलो की आजी रात्री एकच्या सुमाराला उठून बसलेली दिसायची. पाणी प्यायची, देवाचं नाव घ्यायची, तासाभराने परत आडवी व्हायची. आई म्हणायची, "हिला निद्रानाश आहे." मलाही तेच वाटायचं. संशोधनाला लागल्यावर कळलं की हा निष्कर्ष आपण फार लवकर काढला.

इतिहासकार रॉजर एकर्च यांनी युरोपातले न्यायालयीन जबाब, डायऱ्या आणि वैद्यकाची जुनी पुस्तकं वाचली. त्यात 'पहिली झोप' आणि 'दुसरी झोप' असे शब्द त्यांना जागोजागी सापडले. त्यांचा गाजलेला लेख 2001 सालचा. मधल्या जागेपणी लोक प्रार्थना करत, गप्पा मारत. विशेष म्हणजे याची कुणी तक्रार करत नसे.

त्याआधी 1990 च्या सुमाराला अमेरिकेत थॉमस वेअर यांनी काही निरोगी माणसांना महिनाभर रोज 14 तास अंधारात ठेवलं. हळूहळू त्यांची झोप दोन भागांत विभागली, मध्ये एक ते तीन तास जाग.

मग दोन झोपा हीच माणसाची मूळ रीत का? इथे सावध राहा. 2015 मध्ये वीज नसलेल्या तीन समाजांचा अभ्यास झाला: टांझानियातले हाड्झा, नामिबियातले सॅन आणि बोलिव्हियातले त्सिमाने. तिथे अशी विभागलेली झोप नेहमीची आढळली नाही. हे लोक विषुववृत्ताच्या बरेच जवळ राहतात, म्हणून रात्र फार लांबत नाही. आपल्या केमलाही डिसेंबरातली सर्वांत मोठी रात्र तेरा तासांच्या आसपासच असते. म्हणजे विभागलेली झोप शक्य आहे, पण सगळ्यांना ती पडायलाच हवी असं नाही.

आता आजीचा हिशोब करू. साडेआठला झोप, एक ते सव्वादोन जाग, साडेपाचला उठणं. अंथरुणात नऊ तास, त्यातले सव्वा तास वजा केले की उरतात पावणेआठ तास. दिवसभर ती ताजी असायची, जागेपणी घाबरायची नाही. हा आजार नव्हे. उलट, माझा काका अकराला झोपायचा आणि शेतीपंपाची वीज रात्री आली की दोनला पाणी द्यायला जायचा. साडेचारला येऊन सहाला उठायचा. त्याच्याही दोन झोपा, पण एकूण साडेचार तास. ही पद्धत नव्हे, ही झोपेची तूट.

म्हणून जाग किती वेळा आली हे विचारू नका. एकूण झोप किती झाली आणि दिवस कसा गेला ते विचारा, आणि दोन आठवडे वहीत नोंद ठेवा. आठवड्यात तीनदा किंवा जास्त वेळा, तीन महिने जाग येऊन त्रास होत असेल तर तो निद्रानाश समजतात. घोरणं, श्वास अडकून दचकून उठणं किंवा वारंवार लघवीला जावं लागणं असेल, तर मात्र तीन महिने थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.