व्हिडिओ जुना, शीर्षक नवं: 'Excel 2016'चं 'Excel 2024' करताना काय सांभाळायचं?

यूट्यूबवर एखादी गोष्ट शिकवणारा व्हिडिओ शोधताना बहुतेक जण आधी शीर्षकातलं साल बघतात. जुनं साल दिसलं की व्हिडिओ चांगला असला तरी लोक पुढे सरकतात. म्हणून चॅनेल चालवणारे अनेक जण दर जानेवारीत जुन्या व्हिडिओंच्या शीर्षकातलं साल बदलून टाकतात. व्हिडिओ मात्र तोच राहतो. हे चालतं का? चालतं, पण प्रत्येक व्हिडिओला नाही. आणि घाईत केलं तर आधीपासून येणारा प्रेक्षकही हातचा जातो.

शीर्षक बदलल्यावर नेमकं काय बदलतं?

यूट्यूबवर शीर्षक, वर्णन आणि थंबनेल केव्हाही बदलता येतं. त्याने व्हिडिओची लिंक बदलत नाही. व्ह्यूज, लाइक्स आणि कमेंट्सही तशाच राहतात. पण अपलोड केलेल्या व्हिडिओच्या जागी त्याच लिंकवर नवा व्हिडिओ टाकता येत नाही. नको असलेला भाग कापता येतो, नवा भाग जोडता येत नाही.

अपलोडची तारीखही बदलत नाही. शीर्षकात चालू साल आणि खाली '४ वर्षांपूर्वी', हे दोन्ही प्रेक्षकाला एकाच वेळी दिसतं. त्यामुळे नुसता आकडा बदलून व्हिडिओ नवा वाटेल, ही अपेक्षाच चुकीची आहे. 'जुना आहे, पण आजही चालतो' एवढंच शीर्षक खरेपणाने सांगू शकतं.

एक उदाहरण घेऊ

समजा, एका चॅनेलवर २०२१ सालचा व्हिडिओ आहे:

'Excel 2016 मध्ये VLOOKUP कसे वापरावे? सोप्या मराठीत'

VLOOKUP म्हणजे एका यादीतलं नाव किंवा नंबर दुसऱ्या यादीत शोधून त्याच्यासमोरची माहिती आणणारा फॉर्म्युला. तो एक्सेलच्या नव्या-जुन्या सगळ्या आवृत्त्यांमध्ये आहे. एक्सेल २०१६ला मायक्रोसॉफ्टने दिलेला सपोर्ट मात्र १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. नवा लॅपटॉप घेणाऱ्याकडे आता एक्सेल २०२४ किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ असण्याची शक्यता जास्त. म्हणजे शिकवलेलं कामाचं आहे, फक्त शीर्षक जुनं झालंय.

पहिली पायरी: लोक काय टाइप करून येतात?

यूट्यूब स्टुडिओत त्या व्हिडिओच्या अ‍ॅनालिटिक्समध्ये, यूट्यूब सर्चमधून आलेल्या प्रेक्षकांनी कोणते शब्द शोधले होते ते दिसतं. तिथे 'vlookup marathi' सारखे शब्द वर असतील, तर प्रेक्षक आवृत्तीसाठी येत नाहीये. अशा वेळी 2016 हलवलं तरी फारसं बिघडत नाही. पण 'vlookup excel 2016' वर असेल, तर तो आकडा काढणं म्हणजे ज्या दाराने लोक येतात तेच बंद करणं. अनेक ऑफिसांत आजही जुनं एक्सेल वापरात असतं, हेही लक्षात घ्यायला हवं.

दुसरी पायरी: नव्या आवृत्तीत करून बघणं

ही पायरी सगळ्यात जास्त टाळली जाते. व्हिडिओ सुरू करून, त्यातली प्रत्येक कृती नव्या एक्सेलमध्ये जशीच्या तशी करून बघायची. आपल्या उदाहरणात व्हिडिओत हा फॉर्म्युला लिहिलाय असं धरू:

```
=VLOOKUP(A:A,F:G,2,FALSE)
```

एक्सेल २०१६मध्ये हा चालतो. फॉर्म्युल्यात पूर्ण A कॉलम दिला असला तरी जुनं एक्सेल त्यातला फक्त त्याच ओळीतला सेल घेतं. एक्सेल २०२४ आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ मात्र पूर्ण कॉलमची उत्तरं एकदम खाली मांडायला जातं. दुसऱ्या ओळीपासून सुरुवात केली तर तेवढ्या ओळी शीटमध्ये उरतच नाहीत, आणि सेलमध्ये `#SPILL!` अशी एरर येते. असं लिहिलं की अडचण सुटते:

```
=VLOOKUP(A2,F:G,2,FALSE)
```

हा फॉर्म्युला जुन्या-नव्या दोन्ही आवृत्त्यांत चालतो. पण चाचणी न करता शीर्षकात 'Excel 2024' लिहिलं असतं, तर नव्या प्रेक्षकाला नेमक्या याच जागी एरर आली असती. कमेंट्समध्ये 'SPILL का येतंय?' असे प्रश्न दिसू लागले, तर हेच घडतंय असं समजावं.

तिसरी पायरी: शीर्षक कसं लिहायचं?

जुना आकडा पुसून नवा लिहिण्यापेक्षा दोन्ही ठेवणं बरं:

'VLOOKUP कसे वापरावे? सोप्या मराठीत | Excel 2016 ते 2024'

ओळखीचे शब्द तेच राहिले, मुख्य विषय पुढे आला आणि आवृत्ती शेवटी गेली. मोबाइलवर लांब शीर्षक कापलं जातं, म्हणून विषय आधी हवा. शीर्षकाची कमाल मर्यादा १०० अक्षरांची आहे.

इथे एक गफलत नेहमी होते. 'Excel 2024' मधला आकडा हे सॉफ्टवेअरचं नाव आहे, चालू वर्ष नाही. वर्ष बदललं म्हणून कुणी 'Excel 2025' लिहिलं, तर ते चूकच, कारण त्या नावाची आवृत्ती आलेलीच नाही.

शीर्षकासोबत वर्णनाची पहिली ओळही बदलावी. थंबनेलवर 2016 छापलेलं असेल तर तेही. इंग्रजी किंवा हिंदीत भाषांतरित शीर्षक दिलं असेल, तर ते वेगळं बदलावं लागतं. आणि दुरुस्त फॉर्म्युला व्हिडिओतल्या मिनिटासकट पिन केलेल्या कमेंटमध्ये द्यावा.

प्रेक्षक टिकला का, हे कसं कळणार?

जुनं शीर्षक आणि बदलाची तारीख लिहून ठेवावी. मग बदलानंतरच्या २८ दिवसांची आधीच्या २८ दिवसांशी तुलना करावी. मधे परीक्षा किंवा दिवाळीची सुट्टी आली असेल, तर तोही फरक धरावा.

दोन आकडे पुरेसे आहेत: समोर आलेल्यांपैकी किती जणांनी क्लिक केलं आणि सरासरी किती वेळ बघितलं. दोन्ही टिकले किंवा वाढले, तर बदल जमला. क्लिक वाढले पण बघण्याचा वेळ घटला, तर शीर्षक व्हिडिओपेक्षा जास्त आश्वासन देतंय. क्लिकच घटले, तर जुनं शीर्षक परत लावता येतं.

शीर्षकाला हातच लावू नये, असं कधी?

जिथे सालाबरोबर नियम बदलतात तिथे. इन्कम टॅक्स रिटर्नचं बघा. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून नवी कररचना आपोआप लागू होते. जुनी हवी असेल तर ती वेगळी निवडावी लागते. त्याआधीच्या व्हिडिओवर फक्त नवं साल चिकटवलं आणि कुणी त्यावर विसंबून रिटर्न भरलं, तर 80C सारख्या वजावटी हातातून जाऊ शकतात. शिवाय दिशाभूल करणारं शीर्षक यूट्यूबच्या नियमांतही बसत नाही.

अशा विषयासाठी नवा व्हिडिओच करावा लागतो. जुन्याच्या शीर्षकात त्याचं खरं साल राहू द्यावं आणि वर्णनात, पिन केलेल्या कमेंटमध्ये नव्याची लिंक द्यावी. जुन्या व्हिडिओवर सर्चमधून प्रेक्षक येतच राहतो, आणि तिथून तो योग्य माहितीपर्यंत पोहोचतो.