पालक दुसऱ्यांदा गरम करण्याआधीचे तास

१९६०च्या दशकात पश्चिम जर्मनीत काही तान्ही मुलं अंग निळसर पडून आजारी झाली. त्यांना शिजवून ठेवलेला पालक खायला दिलेला होता, आणि तिथल्या डॉक्टरांनी १९६५ मध्ये या ‘पालकाच्या विषबाधे’वर लिहिलंही. पालक पुन्हा गरम केला की विषारी होतो, या आजच्या समजुतीला खरा आधार कुठे असेल, तर तो अशा नोंदींत आहे. पण त्या नोंदींतला दोष पालक गरम करण्याचा नव्हता.

पालक जमिनीतून नायट्रेट भरपूर शोषून घेतो. एक किलो ताज्या पालकात साधारण एक ग्रॅम नायट्रेट सहज सापडतं, कधी दोन-तीन ग्रॅमही. बीटही याच जातकुळीचं. हे नायट्रेट मोठ्या माणसाला फारसं अपाय करत नाही. त्याचं नायट्राइट झालं, तर ते रक्तातल्या हिमोग्लोबिनचं रूप बदलतं आणि मग त्याला प्राणवायू वाहून नेता येत नाही. ओठ आणि नखं निळी पडतात, रक्त चॉकलेटी दिसतं. सहा महिन्यांखालच्या बाळात हे बदललेलं हिमोग्लोबिन पूर्ववत करणारी यंत्रणा अजून कच्ची असते, म्हणून धोका मुख्यतः त्याला.

नायट्रेटचं नायट्राइट होतं ते जिवाणूंमुळे. उष्णतेने ते व्हायचं तर ३०० अंशांच्या वरचं तापमान लागेल; उकळती भाजी १०० अंशांच्या आसपासच राहते. उलट, पालक पाण्यात उकडून ते पाणी ओतून दिलं, तर बरंचसं नायट्रेट पाण्याबरोबर निघून जातं.

सकाळी नऊला केलेली पालकाची पातळ भाजी घ्या. उकळीने बहुतेक जिवाणू मरतात. मग पातेलं ओट्यावर राहतं, भाजी कोमट होते, कोणी वाढताना उष्टा चमचा बुडवतं. मे महिन्यातल्या स्वयंपाकघरात रात्री आठपर्यंत जिवाणूंना अकरा तास मिळाले. नायट्राइट तयार होणार ते याच वेळात. रात्रीच्या उकळीने ते वाढत नाही, पण जातही नाही. आणखी एक गोष्ट इथे लक्षात ठेवायला हवी: काही जिवाणूंनी अन्नात सोडलेलं विष उकळीलाही दाद देत नाही. त्यामुळे ‘खळखळून उकळलं की झालं’ हा दिलासाही खोटाच.

हीच भाजी दोन तासांच्या आत पसरट भांड्यात काढून फ्रिजमध्ये गेली, तर दुसऱ्या दिवशी लागेल तेवढीच वाफ येईपर्यंत गरम करून मोठ्यांनी खुशाल खावी. बीटाच्या कोशिंबिरीला आणि उकडलेल्या बीटालाही हाच हिशोब. चांगली भाजी निव्वळ भीतीपोटी फेकून देणं वाईटच.

बाळाची गोष्ट मात्र वेगळी. पालक किंवा बीट वाटलं की पेशी फुटतात आणि जिवाणूंचं काम सोपं होतं. त्यामुळे बाळासाठी केलेली प्युरी त्याच वेळी भरवावी, उरलेली पुन्हा देऊ नये. साठवायचीच तर केल्याबरोबर गोठवावी. बाळाला जुलाब होत असतील, तर तेवढे दिवस पालक टाळलेला बरा. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेनेही २०१० मध्ये असंच सांगितलं होतं.

चहाबद्दलची भीती सर्वांत पोकळ. पुन्हा उकळलेल्या चहात विष तयार होत नाही; सुगंध उडतो आणि चोथा आत राहिला असेल, तर तुरटपणा वाढतो. दुधाचा चहा तासन् तास बाहेर ठेवला, तर तो दुधासारखाच नासतो, एवढंच.

अंड्याच्या बलकाभोवतीची हिरवट कडाही निरुपद्रवी: बलकातलं लोह आणि पांढऱ्यातलं गंधक जास्त वेळ तापल्याने एकत्र येतं. पण उकडलेलं अंडं मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नये, ही सूचना अक्षरशः खरी आहे. अमेरिकेत उपाहारगृहातलं असं अंडं तोंडात फुटल्याची तक्रार एका ग्राहकाने न्यायालयात नेली. त्या निमित्ताने ध्वनितज्ज्ञ अँथनी नॅश आणि लॉरेन फॉन ब्लूम्रोडर यांनी सुमारे १०० अंडी तापवून पाहिली आणि २०१७ मध्ये निष्कर्ष मांडले. बाहेर काढून टोचल्यावर सुमारे ३० टक्के अंडी फुटली. काहींचा आवाज फूटभर अंतरावर १३० डेसिबलच्या पुढे गेला. बलकातल्या बारीक पोकळ्यांत पाणी उकळबिंदूच्याही वर तापून अडकून राहतं आणि सुरी किंवा दात लागताच त्याची एकदम वाफ होते, असं त्यांचं स्पष्टीकरण. अंडं मायक्रोवेव्हमधून शांतपणे बाहेर आलं म्हणून ते सुरक्षित ठरत नाही. फ्रिजमधलं उकडलेलं अंडं गरम हवंच असेल, तर गॅस बंद करून कढत पाण्यात काही मिनिटं बुडवून ठेवावं.