किंमत हवी, तर बाकी काढा

ही सहाव्या कोटीची बहुपदी घ्या:

p(x) = २x⁶ − ११x⁵ + ३x⁴ + ९x³ − २०x² + ४x + ५

x = ५ असताना तिची किंमत किती? सरळ ५ घालायला गेलात, तर पहिलं पद ३१,२५० आणि दुसरं उणे ३४,३७५ येतं. हे थोरले आकडे एकमेकांना खात खात शेवटी −६०० वर येतात. एवढा खटाटोप करायची गरज नसते.

नववीत शिकलेला शेष सिद्धांत आठवा. p(x) ला (x − ५) ने भागलं, तर भागाकार q(x) आणि बाकी r मिळून p(x) = (x − ५) q(x) + r असं लिहिता येतं. आता x जागी ५ ठेवा. कंस शून्य होतो, त्याच्यासोबत q(x) कितीही लांबलचक असला तरी तोही जातो, आणि उरते ती r. म्हणजे बाकी हीच किंमत.

भागाकारही लांबलचक करायचा नाही. संश्लेषक पद्धतीत फक्त सहगुणक मांडतात: २, −११, ३, ९, −२०, ४, ५. पहिला २ तसाच खाली आणा. त्याला ५ ने गुणून पुढच्यात मिळवा: १० − ११ = −१. पुन्हा ५ ने गुणा, मिळवा: −५ + ३ = −२. असंच पुढे −१, −२५, −१२१ आणि शेवटी −६००. सहा गुणाकार, सहा बेरजा, संपलं. या मांडणीला हॉर्नरची पद्धत म्हणतात, कारण विल्यम जॉर्ज हॉर्नर यांनी १८१९ मध्ये इंग्लंडमध्ये ती मांडली. मात्र चीनमधले चिन च्यु-शाओ १२४७ च्या आपल्या ग्रंथात याच रीतीने समीकरणं सोडवत होते.

इथवर शाळेतलं. खरी गंमत x = १ + √२ घातल्यावर आहे. (x − १ − √२) ने भागता येईल, पण मग प्रत्येक पायरीवर √२ चं लटांबर सोबत येणार. त्यापेक्षा या संख्येवर शून्य होणारा दुसरा, सुटसुटीत भाजक शोधू. x − १ = √२, दोन्ही बाजूंचा वर्ग केला की x² − २x − १ = ० मिळतं. आता वर्गमूळ कुठेच नाही. भाजक एकरेषीयच असला पाहिजे असं थोडंच आहे? तो त्या बिंदूवर शून्य झाला म्हणजे पुरे. वर्गबहुपदीने भागल्यामुळे बाकी नुसती संख्या न राहता ax + b अशी येईल, इतकाच फरक.

भागाकाराची रीतही जुनीच, थोडी वाढवलेली. नवा सहगुणक म्हणजे मूळ सहगुणक, अधिक आधीच्या उत्तराची दुप्पट, अधिक त्याच्या आधीचं उत्तर. सुरुवात २ ने. मग −११ + ४ = −७. मग ३ − १४ + २ = −९. तसंच −१६ आणि −६१. भागाकार इथे संपला. बाकीत x चा सहगुणक ४ − १२२ − १६ = −१३४. स्थिर पदाला मात्र दुप्पट लागत नाही, नेमकं इथेच बरेच जण चुकतात: ५ − ६१ = −५६.

बाकी −१३४x − ५६. त्यात १ + √२ ठेवा: −१९० − १३४√२, म्हणजे सुमारे −३७९.५०.

पडताळा घ्यायला x = १ ठेवून बघा. मूळ बहुपदीची किंमत सहगुणकांची बेरीज, −८. भाजक −२, भागाकार −९१, बाकी −१९०. १८२ − १९० = −८. जुळलं. जुळलं नसतं, तर आधी एखादं गाळलेलं पद शोधायचं. बहुपदीत x³ नसेल, तरी त्याच्या जागी ० लिहावाच लागतो, नाहीतर पुढचा प्रत्येक आकडा एक घर सरकतो.

√२ ला १.४१ मानून x = २.४१ धरलं असतं तर? उत्तर सुमारे −३७६.७७ येतं. x मध्ये चार हजारांशांच्या आसपास चूक, आणि किंमतीत २.७ पेक्षा जास्त! बाकीच्या वाटेने दशांश अगदी शेवटी, एकदाच येतात.

ही युक्ती सगळीकडे चालत नाही. x = π असेल, तर π वर शून्य होणारी पूर्णांक सहगुणकांची बहुपदीच नसते, हे लिंडेमान यांनी १८८२ मध्ये सिद्ध केलं. तिथे (x − π) ने भागायचं, दशांशांसकट, मुकाट्याने.