दोन लाल बटणं आणि घामाघूम माणूस

चित्र दोन चौकटींचं आहे. वरच्या चौकटीत शेजारीशेजारी दोन लाल बटणं, प्रत्येकावर एक पाटी, आणि दोन्हींवर घुटमळणारा हात. खालच्या चौकटीत सुपरहिरोसारखा पोशाख केलेला माणूस, दात आवळून कपाळावरचा घाम पुसणारा. जेक क्लार्क या चित्रकाराचं हे कॉमिक टम्बलरवरून जगभर गेलं आणि ‘टू बटन्स’ किंवा ‘डेली स्ट्रगल’ या नावांनी मीमचा साचा बनलं. चित्र तेच ठेवायचं, पाट्या बदलायच्या.

माझी भाची रोज ठाण्याहून मुंबईला नोकरीला जाते आणि मैत्रिणींच्या ग्रुपसाठी असली मीम बनवते. तिच्या शेजारी बसून एक मीम तयार होताना मी पाहिलं. विषय होता सकाळची लोकल. डाव्या पाटीवर तिने लिहिलं, ‘स्लो लोकल, बसायला मिळतं पण उशीर होतो’. अक्षरं इतकी बारीक झाली की मोबाइलवर वाचता येईनात. पाट्या लहान आणि तिरप्या; त्यात देवनागरीला वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार, म्हणजे ओळीला उंची जास्त लागते. तीन-चार शब्दांपुढे गेलात की संपलं.

पण लांबी ही खरी अडचण नव्हती. त्या वाक्यातला ‘पण’ नडत होता. पाटीच स्वतःशी वाद घालायला लागली तर खालच्या माणसाला घाम गाळायचं कारण उरत नाही. मग तिने ‘स्लोमध्ये सीट’ आणि ‘फास्टला लटकणे’ असं करून पाहिलं. हेही पडलं, कारण लटकायला कोण निवडेल? निर्णय आधीच झाला. दोन्ही बटणांचा मोह सारखा हवा. शेवटी उरलं ते ‘स्लो : खिडकी’ आणि ‘फास्ट : वेळेवर’.

अजून हसू येत नव्हतं. ते आणलं तिसऱ्या पाटीने. ही पाटी घाम पुसणाऱ्यावर लावतात आणि घाईत लोक तिथे नुसतं ‘मी’ लिहून मोकळे होतात. भाचीने लिहिलं, ‘दोन लेट मार्क झालेली मी’. तिच्या ऑफिसात तिसऱ्या लेट मार्कला अर्ध्या दिवसाचा पगार कापला जातो, हे ग्रुपमधल्या सगळ्यांना ठाऊक. खिडकीची किंमत एकदम ठरली, आणि तरीही हात घुटमळतोय! गंमत तिथे आहे. घाम मोठा आणि प्रश्न छोटा, हे प्रमाण सांभाळावं लागतं. आईचं ऑपरेशन करावं की नाही, अशा प्रश्नावर हे चित्र लावून पाहा. घाम खराच वाटेल आणि कुणी हसणार नाही.

इतर साच्यांत ही घालमेल नसते. ड्रेक या गायकाच्या मीममध्ये एकाला नकार आणि दुसऱ्याला पसंती देऊन झालेली असते. मैत्रिणीसोबत चालताना दुसरीकडे वळून पाहणारा तरुण, अंतोनियो गिलेम यांच्या २०१५ च्या फोटोतला, त्याचीही मान वळलेली आहे. बटणवाला मात्र अजून काहीच दाबत नाही. म्हणूनच त्याचा दुसरा, जास्त बोचरा उपयोग निघाला : एकाच तोंडाने दोन विसंगत गोष्टी बोलणाऱ्याला पकडणं. एका बटणावर ‘मराठी शाळा टिकल्याच पाहिजेत’, दुसऱ्यावर ‘आमचा बंटी इंग्लिश मीडियमला’. हा घाम निवड जमत नाही म्हणून फुटलेला नाही, दोन्ही बटणं आधीच दाबून झाल्यामुळे फुटलाय.

या प्रकारात फसगत लवकर होते. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींनी एकदा हेच चित्र टाकलं : ‘मेंटेनन्स वाढवू नका’, ‘लिफ्ट ताबडतोब बदला’, आणि घाम पुसणारा ‘सभासद’. पहिल्या पाच मिनिटांत हसणारे चेहरे आले. मग पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, “सेक्रेटरीसाहेब, लिफ्ट बदला असं आम्ही कधी म्हटलं?” बरोबरच होतं. मेंटेनन्सला विरोध खालच्या मजल्यांचा, लिफ्टची मागणी वरच्यांची. दोन वेगळ्या माणसांची वाक्यं एकाच कपाळावर चिकटवली होती. राजकीय मीममध्ये हे सर्रास चालतं : पक्षाचं किंवा पिढीचं नाव खाली लिहायचं आणि त्यातल्या दोन गटांचं भांडण एकाच माणसाचा ढोंगीपणा म्हणून दाखवायचं. तपासणं सोपं आहे. दोन्ही पाट्यांवरचं वाक्य बोललेला एक तरी माणूस आठवतो का, ते पाहायचं.

रात्री सातव्या मजल्यावरच्या एका मुलाने तेच चित्र दुरुस्त करून परत टाकलं. बटणांवर ‘पहिला मजला नाराज’ आणि ‘सातवा मजला नाराज’, खाली ‘सेक्रेटरी’. त्यावर कुणाचीच तक्रार आली नाही. सेक्रेटरींनी लिहिलं, “रविवारी अकरा वाजता मीटिंग. सर्व मजल्यांनी यावे.”