वीस ते पन्नास केबीच्या मधला चेहरा

बँकेच्या लिपिक परीक्षेचा अर्ज भरताना माझी भाची फोटोपाशी अडली. मोबाईलवर काढलेला फोटो तीन एमबीचा होता, तो साइटने मोठा म्हणून नाकारला. तिने एका ॲपमधून तो बारीक केला, तर १४ केबीचा झाला आणि लहान म्हणून परत आला. "मामा, मघाशी मोठा होता, आता लहान कसा झाला?" असं ती विचारत होती.

आयबीपीएसच्या अर्जात फोटो शक्यतो २०० बाय २३० पिक्सेलचा आणि २० ते ५० केबीच्या दरम्यान मागतात. ही दोन मापं वेगळी आहेत. पिक्सेल म्हणजे चित्रातले ठिपके आणि केबी म्हणजे फाइलचं वजन. मोबाईलच्या ३००० बाय ४००० फोटोत एक कोटी वीस लाख ठिपके असतात, तर अर्जाला हवेत फक्त ४६ हजार. एका ठिपक्याच्या रंगाला तीन बाइट धरले, तर त्या छोट्या फोटोचं कच्चं वजन साधारण १३५ केबी होतं. ते जेपीजी उतरवतं. डोळ्याला सहसा न जाणवणारे बारकावे ते टाकून देतं.

भाचीचा फोटो १४ केबीवर आला तो इथेच. जेपीजी चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडून काम करतं. चौकोनात नुसती पांढरी भिंत असेल, तर तो नोंदवायला जवळजवळ जागाच लागत नाही. केस, भुवया, नक्षीचा पडदा यांना मात्र भरपूर लागते. म्हणजे अर्जाने मागितलेली पांढरी पार्श्वभूमीच फाइल हलकी करते. त्यात ॲपने दर्जाही बराच खाली आणला होता.

उपाय सोपा आहे, पण तो मूळ फोटोवर करायचा. १४ केबीचा फोटो पुन्हा ताणला, तर फाइल जड होते, पण गेलेले बारकावे परत येत नाहीत आणि चेहरा धुरकट दिसतो. आम्ही मूळ फोटो उघडला, मापात आणला आणि सेव्ह करताना दर्जाची पट्टी ७५ वरून ९५ वर नेली. फाइल २७ केबीची झाली.

मापात आणताना मात्र आधी एक चूक झाली होती. ॲपमधल्या 'पासपोर्ट साइज'चा अर्थ होता साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटर. हे माप कागदावरचं. पडद्यावरच्या फाइलला सेंटिमीटर नसतात, तिच्यात ठिपकेच असतात. शिवाय दोन्ही चौकटींचं प्रमाण वेगळं आहे. साडेतीन बाय साडेचारचा फोटो २०० रुंदीवर आणला, तर उंची २५७ भरते आणि अर्जाला हवी २३०. भाचीने तो दाबून बसवला होता, त्यामुळे चेहरा दहा टक्क्यांनी बुटका आणि गाल फुगलेले दिसत होते. असा फोटो साइट मुकाट्याने घेते, कारण ती फक्त आकडे मोजते. परीक्षा केंद्रावर ओळख पटवताना तो अडचणीत आणू शकतो. खालचे २७ पिक्सेल, म्हणजे कुर्त्याचा थोडा भाग, कापला की चेहरा जसाच्या तसा राहतो.

पार्श्वभूमीचंही तसंच. अशा अर्जात ती बहुधा नंतर माणूस तपासतो, म्हणून अपलोड झालं म्हणजे फोटो मंजूर झाला असं धरू नये. भिंतीला टेकून उभं राहिलं की मानेमागे काळी सावली पडते. भिंतीपासून तीन-चार फूट पुढे, खिडकीकडे तोंड करून उभं राहिलं की ती जाते. भाचीचा पांढरा कुर्ता भिंतीत मिसळून खांदे गायब झाले होते, म्हणून निळा घालून फोटो परत काढला. पांढऱ्या भिंतीपुढे गडद कपडा हवाच.

आणखी एक अडचण फाइलच्या प्रकाराची. आयफोनचा फोटो बहुतेक वेळा एचईआयसी असतो आणि स्क्रीनशॉट बहुधा पीएनजी. नाव बदलून शेवटी `.jpg` लिहिलं, तरी आतला मजकूर तोच राहतो आणि पुष्कळ साइट्स फाइलचे पहिले बाइट वाचून तो ओळखतात. ॲपमधून 'सेव्ह ॲज' करूनच प्रकार बदलावा. व्हॉट्सॲपवरून फोटो मागवायचा असेल, तर डॉक्युमेंट म्हणून मागवावा. साध्या पद्धतीने पाठवला की तो वाटेतच दाबला जातो.

फोटो स्वीकारला गेला आणि खाली सहीची चौकट आली, १४० बाय ६० पिक्सेल, १० ते २० केबी. कोऱ्या कागदावर काळ्या शाईची सही म्हणजे जवळपास सगळंच पांढरं. दर्जा पूर्ण ठेवूनही फाइल दहाच्या खालीच राहिली. नियमात हे माप 'शक्यतो' म्हणून दिलेलं होतं, म्हणून आम्ही प्रमाण तेच ठेवून २८० बाय १२० केलं. फाइल अकरा केबीची झाली आणि अर्ज पुढच्या पानावर गेला.