नोकरी बदलली, पीएफ काढायचा?

पुण्यात तीन वर्षे नोकरी केलेली एक तरुणी नाशिकला नव्या कंपनीत रुजू होते. जुन्या पीएफ खात्यात २ लाख ४० हजार रुपये आहेत. ते काढले, तर हाती २ लाख १६ हजारच येतील, कारण पाच वर्षांच्या आत ५० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम काढल्यास १० टक्के टीडीएस कापला जातो.

आणि तो अंतिम कर नव्हे. मालकाचा वाटा आणि त्यावरचे व्याज पगारात धरले जाते, स्वतःच्या वाट्यावरचे व्याज इतर उत्पन्नात. स्वतःच्या वाट्यावर पूर्वी ८०सीची सवलत घेतली असेल, तर तीही परत जाते. वरच्या टप्प्यातल्या व्यक्तीला विवरणपत्र भरताना आणखी कर भरावा लागतो.

हीच रक्कम तिने नव्या खात्यात वळवली, तर पुण्याची तीन वर्षे सेवेत धरली जातात. नाशिकला आणखी दोन वर्षे पूर्ण झाली, की पाच वर्षांची अट पुरी होते. पैसे काढले, तर मात्र मोजणी पुन्हा शून्यापासून.

आजारपणामुळे नोकरी सुटली किंवा कंपनीच बंद पडली, तर ही अट आड येत नाही.

यूएएन एकच आहे म्हणून निर्धास्त राहू नका. जुन्या मेंबर आयडीतली रक्कम नव्यात जमा झाल्याची नोंद पासबुकात स्वतः पाहा.